आयोचा परिभ्रमणकाळ अवघा सव्वा तास येतो. माझे नेमके काय चुकते आहे?

मीनाक्षी_क

माझी भाची यंदा दहावीला आहे. केपलरचा तिसरा नियम शिकवताना ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर खगोलीय एककात घेऊन त्याचा घन करायचा, मग वर्गमूळ काढायचे आणि येणारे उत्तर वर्षांत वाचायचे, अशी सोपी रीत मी तिला सांगितली. मंगळाचे अंतर १.५२४ घेतल्यावर १.८८ वर्षे मिळाली, गुरूचे ५.२ घेतल्यावर ११.८६ मिळाली, आणि दोन्ही उत्तरे तक्त्याशी जुळल्यामुळे आम्ही दोघी खूश होतो.

मग तिने विचारले, "मावशी, गुरूच्या चंद्रांनाही हे चालेल का?" मी आत्मविश्वासाने हो म्हटले. आयोचे गुरूपासूनचे अंतर ४,२१,७०० किलोमीटर, म्हणजे ०.००२८२ खगोलीय एकक. त्याचा घन करून वर्गमूळ काढले तर ०.०००१४९७ वर्ष येते, म्हणजे एक तास एकोणीस मिनिटे. तक्त्यात मात्र आयोचा काळ १.७७ दिवस, म्हणजे सुमारे साडेबेचाळीस तास दिलेला आहे. आकडेमोड तीनदा तपासली. नियम उपग्रहांना लागू नाही, की माझे काही चुकते आहे?

कोकणचा_राजा

तुम्ही गुरूची त्रिज्या मिळवायला विसरला असाल. अंतर नेहमी केंद्रापासून मोजायचे असते, पृष्ठभागापासून नव्हे. गुरूची त्रिज्या सुमारे ७१,५०० किलोमीटर आहे. ती मिळवून पुन्हा करून पाहा.

मीनाक्षी_क

मिळवून पाहिली. आता एक तास चाळीस मिनिटे येतात. साडेबेचाळीस तास अजूनही फार दूर आहेत. शिवाय तक्त्यातील अंतर केंद्रापासूनचेच आहे असे खाली बारीक अक्षरात लिहिलेले आता दिसले, त्यामुळे त्रिज्या मिळवणेच चूक ठरते.

शंकासुर

तुमच्या हिशोबाप्रमाणे आयोला सेकंदाला सुमारे ५६० किलोमीटर वेगाने धावावे लागेल. तो प्रत्यक्षात सेकंदाला १७ किलोमीटरच्या आसपास धावतो, आणि तेवढ्या अंतरावर वेग पंचवीसपर्यंत गेला तरी तो गुरूला रामराम करून निघून जाईल. तेव्हा उत्तर चुकले आहे हे तक्ता न पाहताही कळायला हवे होते. चूक कुठे आहे हे मात्र मला विचारू नका.

निवृत्त_मास्तर

मीनाक्षीताई, तुमची आकडेमोड अचूक आहे आणि नियमही उपग्रहांना लागू आहे. तुम्ही आयोचा काळ काढलात, पण तो गुरूभोवती फिरणाऱ्या आयोचा नाही. सूर्याच्या केंद्रापासून ४,२१,७०० किलोमीटरवर एखादा गोळा फिरत असता, तर त्याला एक तास एकोणीस मिनिटे लागली असती. (तेवढ्या अंतरावर तो सूर्याच्या पोटातच असेल, कारण सूर्याची त्रिज्या सुमारे सात लाख किलोमीटर आहे, पण सूर्याचे सगळे वस्तुमान एका बिंदूत गोळा झाले आहे असे घटकाभर समजू.)

केपलरचा नियम एवढेच सांगतो की, एकाच मध्यवर्ती गोलाभोवती फिरणाऱ्या सर्वांच्या बाबतीत काळाच्या वर्गाला अंतराच्या घनाने भागले असता तीच संख्या मिळते. ती संख्या त्या मध्यवर्ती गोलाची असते. आपण अंतर खगोलीय एककात आणि काळ वर्षांत घेतो तेव्हा ती संख्या १ होते, म्हणून ती दिसत नाही. पण ती १ झाली याचे कारण एवढेच की आपली दोन्ही मापे पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या फेरीवरून घेतलेली आहेत. त्या मापांत सूर्य लपलेला आहे. तुम्ही गुरूचा उपग्रह घेतलात आणि मापांबरोबर सूर्यही आत आला.

उपाय साधा आहे. गुरूभोवतीच्या एका उपग्रहाचा काळ माहीत असला तर त्यालाच माप करा. आयोचे अंतर एक, आयोचा काळ एक. आता युरोपाचे अंतर ६,७०,९०० किलोमीटर आहे. त्याला ४,२१,७०० ने भागा, १.५९१ मिळेल. त्याचा घन ४.०२७ आणि त्याचे वर्गमूळ २.००७. म्हणजे युरोपाला आयोच्या २.००७ पट वेळ लागतो. आयोचे १.७६९ दिवस त्याने गुणले की ३.५५ दिवस येतात. तक्त्यात पाहून घ्या. किलोमीटरांना किलोमीटरांनीच भागल्यामुळे एककांची कटकटही उरत नाही.

दहावीच्या पुस्तकात अंतर दुप्पट केल्यास काळ √८ पट होतो हे सिद्ध करायला सांगितले आहे ना, तीच ही रीत आहे. तिथे तारा एकच राहतो, हे मात्र मुलांच्या लक्षात येत नाही.

मीनाक्षी_क

सर, मनापासून आभार. युरोपाचा काळ तक्त्यात ३.५५ दिवसच आहे. भाचीने लगेच कॅलिस्टो केला: अंतराचे गुणोत्तर ४.४६५, काळ १६.६९ दिवस, तंतोतंत. मी गॅनिमीड करायला घेतला आणि माझे ३.२९ दिवस आले. तिने वहीत डोकावून सांगितले, "मावशी, गॅनिमीड युरोपाच्या पलीकडे आहे, मग त्याची फेरी युरोपाच्या आधी कशी पूर्ण होईल?" मी २.५३८ चा वर्ग करून घनमूळ काढले होते. उलट केल्यावर ७.१५ दिवस आले.

सुलभा_देशमुख

घन कुणाचा आणि वर्ग कुणाचा, ही उलटापालट वर्गातली नेहमीची चूक आहे, आणि ती पकडण्याची सर्वांत सोपी खूणही आपल्या भाचीने सांगितलीच आहे. मी मुलांना आणखी एक कसोटी देते. अंतर चौपट झाले तर काळ आठपट झाला पाहिजे. कागदाच्या कडेला ४ → ८ एवढे लिहून ठेवावे आणि आपली रीत त्यावर आधी चालवून पाहावी. उलटी रीत वापरली तर ४ चे २.५२ होतात आणि चूक तिथेच उघडी पडते.

मीनाक्षीताईंनी वाईट वाटून घेऊ नये. खुद्द केपलरला हा नियम ८ मार्च १६१८ रोजी सुचला, आकडेमोडीत चूक झाल्यामुळे त्याने तो टाकून दिला आणि १५ मे रोजी पुन्हा तपासल्यावर तो बरोबर निघाला. सव्वादोन महिने तो नियम केवळ आकडेमोडीच्या चुकीमुळे बाजूला पडून होता.

गच्चीवरचा_दुर्बिणवाला

मास्तरांच्या रीतीत मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे तिच्यात किलोमीटर लागतच नाहीत. मी लहान दुर्बिणीतून पाहिलेले गुरू आणि त्याचे चार चंद्र रोज रात्री वहीत एका रेषेवर काढतो आणि चंद्रांची अंतरे गुरूच्या व्यासांत मोजतो. आयो जास्तीत जास्त तीन व्यासांपर्यंत सरकतो, कॅलिस्टो तेरा व्यासांच्या थोडा पलीकडे जातो. त्या दोन आकड्यांचे गुणोत्तर आणि आयोचा काळ एवढ्यावरून कॅलिस्टोचा काळ सोळा ते सतरा दिवसांच्या मध्ये निघाला. घराच्या गच्चीवरून यापेक्षा जास्त अपेक्षा मी ठेवत नाही.

पहिल्या वर्षी मात्र मी सपशेल फसलो होतो. युरोपा एका रात्री मला ३.२ व्यासांवर दिसला, तेच त्याचे अंतर धरले आणि काळ दोन दिवस काढला. चूक अशी की आपण या चंद्रांच्या कक्षा जवळजवळ कडेने पाहतो, त्यामुळे चंद्र गुरूच्या अलीकडे, आपल्या बाजूला, किंवा गुरूच्या पलीकडे असतो तेव्हा तो गुरूच्या जवळ आल्यासारखा भासतो. त्या रात्रीचे ३.२ व्यास ही कक्षेची त्रिज्या नव्हती, ती केवळ त्या क्षणी दिसणारी फारकत होती. युरोपाचे खरे टोक ४.७ व्यासांवर आहे. त्यासाठी अनेक रात्री नोंदी करून सर्वांत मोठी फारकत निवडावी लागते. ढगांनी नेमकी तीच रात्र खाल्ली तर उत्तर कमीच येते, जास्त कधीच येत नाही.

आकडेमोड्या

मीनाक्षीताईंचे चुकीचे उत्तर फेकून देऊ नका, त्यात खजिना आहे. तक्त्यातील काळ ४२.४६ तास आणि त्यांचे उत्तर १.३१२ तास. भागाकार ३२.३६. त्याचा वर्ग करा. १०४७ येतो.

निवृत्त_मास्तर

आकडेमोड्या, शाब्बास. सूर्याचे वस्तुमान गुरूच्या १०४७ पट आहे आणि ते याच वाटेने काढता येते.

इतरांसाठी थोडे सविस्तर लिहितो. तेवढ्याच अंतरावर मध्यभागी सूर्य असता तर आयोला १.३१२ तास लागले असते. तिथे गुरू असल्यामुळे ४२.४६ तास लागतात. अंतर तेच ठेवले तर काळाचा वर्ग मध्यवर्ती वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून काळ ३२.३६ पट लांबला याचा अर्थ वस्तुमान १०४७ पट कमी. हा वस्तुमानाचा भाग केपलरला ठाऊक नव्हता. गुरूच्या चंद्रांनाही आपला नियम लागू पडतो हे त्याने पाहिले होते. पण काळाच्या वर्गाला अंतराच्या घनाने भागून येणारी संख्या ग्रहांसाठी वेगळी आणि या चंद्रांसाठी वेगळी का, याचे उत्तर न्यूटनपर्यंत कुणाकडे नव्हते.

मालवणी_मामा

गुरूचे झाले, आता आमच्या शनीचे पाहा. अंतर ९.५४ घेतले तर २९.५ वर्षे येतात. त्यांना बारा राशींनी भागले की एका राशीत अडीच वर्षांच्या आसपास मुक्काम होतो आणि तीन राशींची साडेसाती होते. शनी सूर्याच्या अर्ध्या अंतरावर असता तर साडेसातीही √८ ने भागली गेली असती आणि आम्ही पावणेतीन वर्षांत सुटलो असतो!

सुलभा_देशमुख

मामा, साडेसातीच्या फलाबद्दल मी बोलणार नाही, पण भागाकार बरोबर आहे. याच चालीने गुरूची ११.८६ वर्षे पाहण्यासारखी आहेत. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो आणि आपण तो बारा वर्षांनी येतो असे म्हणतो. प्रत्यक्षात प्रत्येक फेरीत गुरू बारा वर्षांच्या सुमारे पन्नास दिवस आधीच जागेवर पोहोचतो. सात फेऱ्यांत जवळजवळ वर्षभराचा फरक साठतो. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२२ ऐवजी २०२१ मध्येच भरला, तो यामुळेच.

कोकणचा_राजा

त्रिज्येचा माझा मुद्दा इथे चुकला हे मान्य. पण मंगळयानावर तो लावून पाहिला आणि तिथेही गाडी अडली. मंगळयान पोहोचले तेव्हा त्याची कक्षा मंगळाच्या पृष्ठभागापासून जवळच्या टोकाला ४२१.७ किलोमीटर आणि दूरच्या टोकाला ७६,९९३.६ किलोमीटर होती. फोबोस मंगळाच्या केंद्रापासून ९,३७६ किलोमीटरवर ७ तास ३९ मिनिटांत फेरी पूर्ण करतो, म्हणून मास्तरांप्रमाणे फोबोसला माप केले. दूरच्या टोकात मंगळाची त्रिज्या ३,३९६ मिळवून सुमारे ८०,३९० झाले. उत्तर १९२ तास आले. इस्रोने मात्र ७२ तास ५१ मिनिटे जाहीर केली होती. आता तर केंद्रापासूनचेच अंतर घेतले आहे!

शंकासुर

केंद्र घेतले, पण टोक एकच घेतले. यान वर्षभर त्या टोकावर बसून राहत नाही.

निवृत्त_मास्तर

शंकासुरांचा टोला नेमका लागला आहे. कक्षा लांबट असेल तेव्हा नियमातील अंतर म्हणजे दीर्घ अक्षाचा अर्धा भाग. कक्षेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीचा निम्मा, एवढेच. या लांबीत मंगळाचा संपूर्ण व्यास येतो, त्यामुळे तुमचा त्रिज्येचा आग्रह इथे अगदी योग्य आहे.

दोन्ही उंचींची बेरीज ७७,४१५.३, तिचा निम्मा ३८,७०७.६, त्यात त्रिज्या ३,३९६ मिळवली की ४२,१०४ किलोमीटर. त्याला फोबोसच्या ९,३७६ ने भागल्यास ४.४९१. घनाचे वर्गमूळ ९.५१६. फोबोसच्या ७ तास ३९ मिनिटांना त्याने गुणा. मिनिट इकडेतिकडे होईल, पण पावणेत्र्याहत्तर तासांहून थोडे जास्त आले पाहिजे.

कोकणचा_राजा

७२ तास ४८ मिनिटे आली. फोबोसचा काळ आणखी एका दशांशाने, म्हणजे ३९.२ मिनिटे घेतल्यावर ७२ तास ५० मिनिटे झाली. एका मिनिटाच्या पाचव्या भागाला साडेनऊने गुणले की दोन मिनिटे होतात, हे लक्षात यायला मला अर्धा तास लागला. गंमत अशी की फोबोस जवळजवळ गोल फिरतो आणि यान इतके लांबट, तरी दोघे एकाच हिशोबात बसतात.

गच्चीवरचा_दुर्बिणवाला

थोडे विषयांतर होईल, पण युरोपाचे २.००७ आणि गॅनिमीडचे आयोच्या ४.०४ पट, हे आकडे २ आणि ४ च्या इतके जवळ का आहेत? केपलरचा नियम कोणत्याही अंतराला परवानगी देतो, मग या तिघांनी नेमकी हीच अंतरे का निवडली?

आकडेमोड्या

लाप्लासने यावर काम केले आहे. तिघे एकमेकांना ठरावीक जागी ओढून ताल राखतात. अंतर दिल्यावर काळ किती, एवढेच केपलर सांगतो. अंतर तेवढेच का, याबाबत तो मौन पाळतो. २ ऐवजी २.००७ का, हे मला नीट समजावून सांगता येणार नाही. कुणाला येत असेल तर लिहावे.

मीनाक्षी_क

मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण भाचीने नवीन घोळ घातला आहे. गुरूच्या अगदी जवळचा अमाल्थिया तिने तक्त्यातून शोधला, अंतर १,८१,४०० किलोमीटर. आयोला माप करून तिचे उत्तर ११ तास ५९ मिनिटे आले. तक्त्यात ११ तास ५७ मिनिटे आहेत. फरक किरकोळ आहे, दशांश कमी घेतले असतील, असे मी म्हटले. तिने सर्व दशांश घेऊन पुन्हा केले, तरी सुमारे दीड मिनिटाचा फरक राहतो. कॅलिस्टो तंतोतंत जुळतो आणि हा जवळचा मात्र जुळत नाही, असे का?

शंकासुर

म्हणजे नियम जवळजवळच बरोबर आहे. मग त्याला नियम का म्हणायचे?

निवृत्त_मास्तर

शंकासुर, मध्यवर्ती गोल नेटका गोल असेल आणि आणखी कुणी ओढत नसेल तर नियम पुरेपूर पाळला जातो. गुरू तसा नाही. तो दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो आणि त्यामुळे विषुववृत्तावर चांगलाच फुगलेला आहे. त्या फुगवट्याची जादा ओढ गुरूच्या विषुववृत्ताच्या पातळीत, जवळून फिरणाऱ्याला जास्त जाणवते, त्यामुळे त्याचा काळ थोडा घटतो. अंतर वाढले की हा परिणाम झपाट्याने विरतो. अमाल्थियाच्या बाबतीत तो सुमारे मिनिटभराचा असावा असा माझा अंदाज आहे. उरलेले सेकंद अंतराच्या गोळाबेरजेत गेले असतील, कारण अंतरात शंभर किलोमीटर इकडेतिकडे झाले तरी काळ अर्ध्या मिनिटाहून अधिक हलतो.

भाचीला सांगा, अमाल्थियाच्याच आसपास मेटिस आणि थीबी आहेत. मेटिस आणखी आत आहे, थीबी थोडा बाहेर. फुगवट्याचे कारण खरे असेल तर मेटिसचा फरक टक्केवारीत अमाल्थियापेक्षा जास्त आला पाहिजे आणि थीबीचा कमी.

मीनाक्षी_क

तिने वही उघडली आहे. मेटिसचे अंतर १,२८,००० किलोमीटर मिळाले. त्याचे शेवटचे तीन आकडे खरोखरच शून्य आहेत की कुणी गोळाबेरीज केली आहे, हे आधी शोधते आणि मगच उत्तर टाकते, असे ती म्हणते.